आई लांब आहे अशांसाठी मदर्स डे कॅम्पेन: छोट्या ज्वेलरी ब्रँडने पायरी पायरीने कसं करायचं

छोटा ज्वेलरी ब्रँड चालवणाऱ्या किंवा नुकताच सुरू केलेल्या लोकांसाठी हे लिहितेय, म्हणजे दोघं तिघं मिळून काम करताय, एक एनग्रेव्हिंग मशीन आहे किंवा बाहेरून करून घेताय, आणि मदर्स डेला पहिल्यांदाच नीट कॅम्पेन करायचं ठरवलंय. मी यात बरीच वर्षं आहे आणि आता एका गोष्टीवर ठाम आहे, की छोट्या ब्रँडने सगळ्यांसाठी कॅम्पेन करूच नये, ज्याची आई लांब राहते त्या एका माणसासाठी करावं. त्याचं कारण भावनेपेक्षा कामाचं आहे. जो आईच्या घरातच राहतो तो आदल्या दिवशी संध्याकाळी बाजारातून काहीतरी घेऊन येऊ शकतो, त्याला तुमची गरज नाही. लांब असलेल्याला मात्र वस्तू न बघता, हातात न घेता, तिसऱ्याच माणसाकडून थेट आईपर्यंत पोचवायचीय, आणि डबा उघडला जाईल तेव्हा तो तिथे नसणारे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवली की वस्तू कुठली घ्यायची, फॉर्ममध्ये काय विचारायचं, पाकिटावर कोणाचं नाव टाकायचं हे सगळं आपोआप ठरत जातं.

पायरी 1: आधी एकच प्रश्न शोधा, जाहिरातीचा मजकूर नंतर

घिसंपिटं कॅम्पेन होतं कारण आपण "आई" या कल्पनेबद्दल लिहायला बसतो. त्याग, निःस्वार्थ प्रेम, देवाचं दुसरं रूप, सुपरवुमन, पहिली मैत्रीण. हे शब्द खोटे नाहीत, पण ते कोणाच्याच आईचे नाहीत. ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. तुमच्या पोस्टमधून दागिन्याचा फोटो काढा आणि तिथे मिक्सरचा किंवा विमा पॉलिसीचा फोटो टाका, मजकूर तसाच चालला तर तो मजकूर फेकून द्या.

अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांनी 1908 मध्ये पहिला कार्यक्रम केला आणि 1914 मध्ये तो तिथे अधिकृत झाला. नावात एकवचनच राहिलं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, म्हणजे जगातल्या सगळ्या आयांचा दिवस असं न म्हणता प्रत्येकाने आपल्या एका आईचा दिवस म्हणून पाळायचा. छापील ग्रीटिंग कार्डांवर तर त्या पुढे उघड टीका करायच्या. कॅम्पेन लिहिताना मला हे फार उपयोगी पडतं, कारण आपलं काम एवढंच उरतं की ग्राहकाकडून त्याच्या एका आईची एखादी खरी खूण काढून घ्यायची.

त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा आणि तो असा पाहिजे की उत्तर द्यायला विचार करावा लागू नये. "आईबद्दल तुमच्या भावना लिहा" म्हटलं की लोक गोठतात नाहीतर तेच त्याग आणि देवाचं रूप लिहून पाठवतात. मी जो प्रश्न वापरते तो हा:

"फोन ठेवताना तुमची आई काय म्हणते?"

लांब राहणाऱ्या प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार असतं, कारण आईशी नातं बहुतेक फोनवरच चालू असतं. "पोचलास की कळव." "बरं ठेवते, तुझं काम असेल." "झोप आता." "उद्या करते गं." एवढीशी वाक्यं आहेत पण ती त्या आईशिवाय दुसऱ्या कोणाला त्या सुरात म्हणता येत नाहीत. हे वाक्य चांदीच्या छोट्या पट्टीवर कोरायचं आणि तिच्याकडेच पाठवायचं, हे झालं अख्खं कॅम्पेन. आईला स्वतःचंच वाक्य परत मिळतं आणि पोरानं ते ऐकलेलं होतं हे तिला कळतं, वर एक शब्दही कौतुकाचा लिहावा लागत नाही.

पायरी 2: वस्तू एकच ठेवा, आणि ती लांबून घेता येण्यासारखी

पहिल्या वर्षी पाच डिझाइन करू नका. एक पेंडंट, एक मेटल, चेनच्या दोन लांब्या. अंगठी तर नकोच, आईच्या बोटाचा साइज लांबून कोणाला माहीत नसतो, आणि विचारला की सरप्राइज गेलं, नाही विचारला की बदलून द्यायची वेळ येते, ती पण दुसऱ्या गावातून किंवा दुसऱ्या देशातून.

मेटल साधी 925 चांदी घ्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या पीसवर नंतर लेझरने कोरलं तर मुलामा कापला जातो आणि खालची चांदी दिसते, म्हणजे आधी कोरून मग मुलामा द्यावा लागतो, आणि प्रत्येक पीस वेगळा असताना हे काम घाईच्या दिवसांत अंगावर येतं. नुसत्या चांदीला हा त्रास नाही.

आता लॉक, ज्याकडे कोणी बघतच नाही. तुमच्या खरेदीदाराची आई बहुतेक पन्नाशी साठीच्या पुढची असणार, आणि चेनला लागतं ते अगदी बारीक लॉबस्टर लॉक दुखऱ्या बोटांनी, चष्मा शोधत, मानेमागे लावणं खरंच कठीण असतं. पोरगं तिथे असतं तर लावून दिलं असतं, पण ते लांब आहे, म्हणून मग ती वस्तू डब्यातच राहते. उपाय दोन आहेत. एक तर लॉक मोठं घ्या, साधारण 12 मिलिमीटरचं, आणि 45 सेंटिमीटरच्या चेनला मागे 5 सेंटिमीटरची वाढीव कडी द्या, म्हणजे गळ्याचा अंदाज चुकला तरी निभतं. दुसरा उपाय म्हणजे 70 सेंटिमीटरची लांब चेन जी डोक्यावरून सरळ घालता येते, लॉक उघडायचीच गरज नाही. मी दोन्ही ठेवते आणि निवडताना विचारते, "आईला मागचं लॉक लावायला त्रास होतो का?" लोकांना हा प्रश्न फार आवडतो, कारण तो आधी कोणी विचारलेलाच नसतो.

मॅग्नेटचं लॉक सोपं वाटतं पण भेटवस्तूत देऊ नका. ज्यांना पेसमेकर बसवलेला असतो त्यांनी मॅग्नेट त्यापासून साधारण 15 सेंटिमीटर तरी लांब ठेवावा असं सांगितलं जातं, आणि गळ्यातलं पेंडंट नेमकं तिथेच येतं. खरेदीदाराला आईच्या तब्येतीचं सगळं आठवेलच असं नाही, आणि तुम्हाला तर माहीतच नसतं.

पायरी 3: वाक्य नीट कोरून घेणं

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

पट्टी समजा 35 मिलिमीटर लांब आणि 6 मिलिमीटर रुंद आहे. इंग्रजी अक्षरं त्यात आरामात बसतात, पण देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा लागतात, खाली उकार लागतो, त्यामुळे मधलं अक्षर 2 ते 2.5 मिलिमीटर धरलं तर वरखाली मिळून 4 मिलिमीटरच्या आसपास जागा जाते. म्हणजे एकच ओळ, आणि तीही साधारण 18 ते 20 अक्षरांची. फॉर्ममध्येच ही मर्यादा घाला आणि ग्राहकाला टाइप करतानाच दिसू दे, नाहीतर लोक अख्खा परिच्छेद पाठवतात आणि मग तो कापायचं कोणी यावर आठ मेसेज होतात.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. एनग्रेव्हिंग मशीनची बरीच सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नाहीत, "कि" ची वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, "त्र" फुटून "त् र" होतं, आणि ज्याला मराठी वाचता येत नाही असा कारागीर ते तसंच कोरून मोकळा होतो, त्याचा काही दोष नाही. म्हणून मजकूर मशीनकडे टेक्स्ट म्हणून पाठवूच नका. Inkscape सारख्या सॉफ्टवेअरमध्ये आधी टाइप करा, तिथे अक्षरं नीट दिसली की सिलेक्ट करून `Path > Object to Path` करा, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं, आणि मग SVG म्हणून सेव्ह करून पाठवा. आता कुठल्याही मशीनवर ते फुटणार नाही. फॉन्ट घेताना सगळीकडे एकसारख्या जाडीचा घ्या, ज्यात एक रेघ जाड आणि एक अगदी बारीक असते त्यातली बारीक रेघ पॉलिशमध्ये पुसली जाते.

कोणाकडे आईच्या हातची चिठ्ठी असेल तर तिचं अक्षरही कोरता येतं. त्यासाठी फोटो वरून सरळ, दिवसाच्या उजेडात, सावली न पडता काढायला सांगा. पेन्सिलने लिहिलेलं असेल तर रेघ तुटक येते, ते आधी पडद्यावर दुरुस्त करून ग्राहकाला दाखवायचं. पण अक्षर दुरुस्त करताना सुंदर करायला जाऊ नका, तिचा "र" वाकडा असेल तर वाकडाच राहू दे.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, शुद्धलेखन तपासू नका. ग्राहकाने "पोचलास की फोन कर" लिहिलं तर ते "पोहोचलास" करायचं नाही. माझ्याकडून एकदा हे झालंय. एका मुलीने आईचं वाक्य "येती का मग" असं पाठवलं होतं, मी चांगल्या हेतूने "येतेस का मग" केलं, तिने फोटो बघितला आणि लिहिलं, "ही माझी आई नाही बोलत." तो पीस वितळवायला गेला आणि नवीन केला. तेव्हापासून नियम एकच, ग्राहकाने जे टाइप केलं ते कॉपी करून जसंच्या तसं, आणि कोरायच्या आधी पडद्यावरचं चित्र पाठवून "ओके" लिहून घ्यायचं. 24 तासांत उत्तर आलं नाही तर एक आठवण, पण उत्तराशिवाय कोरायचं नाही.

पायरी 4: फॉर्म असा की कोणालाच स्वतःबद्दल खुलासा द्यावा लागू नये

लांब म्हणजे फक्त दुसऱ्या शहरात असं नसतं. कोणाची आई गेलेली असते, कोणाचं आईशी बोलणं बंद असतं, कोणाला मावशीने किंवा आजीने वाढवलेलं असतं. यांच्यासाठी वेगवेगळ्या कॅटेगरी बनवून "आई गमावलेल्यांसाठी" असं लिहिलेलं पेज करू नका, तिथे जाऊन बटण दाबायला लावणं फार कठोर आहे. मी फॉर्ममध्ये फक्त एवढं विचारते:

हे कुठे पाठवायचं? थेट तिच्याकडे / माझ्याकडे, मी देईन / माझ्याकडे, माझ्यासाठीच आहे.

तिसरा पर्याय निवडणाऱ्याला पुढे काहीच विचारायचं नाही. आई हयात नसलेला माणूस तिचं वाक्य स्वतःच्या गळ्यात ठेवायला घेऊ शकतो आणि नुसतीच आठवण येते म्हणून घेणाराही घेऊ शकतो, दोघं एकाच ओळीत. प्रश्नात "आई" हा शब्द जिथे जिथे येतो तिथे खाली एक छोटी ओळ द्या, "किंवा ज्यांनी तुम्हाला वाढवलं ते", बस, त्यावर अजून लांबण लावायची नाही.

मात्र फॉर्म नीट केला आणि पॅकिंगला चुकलं तर सगळं वाया जातं. छापून ठेवलेलं "हॅपी मदर्स डे" कार्ड सगळ्या डब्यांत सरसकट जातं आणि तिसऱ्या पर्यायवाल्याच्या घरी पण पोचतं. म्हणून असं कार्ड छापूच नका. कोरं जाडसर कार्ड ठेवा, ग्राहकाने पाठवलेला दोन ओळींचा मजकूर त्यावर हाताने लिहा, मजकूर दिला नसेल तर कार्ड नाही. दिवसाला आठ डबे असतील तर आठ कार्डं लिहायला अर्धा तास लागतो, तो काढायचाच.

फॉर्ममध्ये अजून एक रकाना हवा, "कोणत्या तारखेपर्यंत पोचायला पाहिजे?" कारण मदर्स डे सगळीकडे एकाच दिवशी नसतो. बऱ्याच देशांत तो मे महिन्याचा दुसरा रविवार आहे, ब्रिटनमध्ये मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी येतो, अनेक अरब देशांत 21 मार्च, मेक्सिकोत कायम 10 मे, थायलंडमध्ये 12 ऑगस्ट. आई एका देशात आणि पोरगं दुसऱ्या देशात असलं की दोघांच्या तारखा वेगळ्या पडतात, आणि काहींच्या घरी हा दिवस पाळतच नाहीत, त्यांना आईच्या वाढदिवसाला पाठवायचं असतं. तारीख ग्राहकालाच लिहू द्या.

पायरी 5: ज्यांना हे बघायचंच नाही त्यांना आधी वाट द्या

ब्लूम अँड वाइल्ड नावाच्या ब्रिटिश फुलांच्या कंपनीने 2019 मध्ये ग्राहकांना मेल पाठवला की मदर्स डेचे मेल नको असतील तर सांगा, आणि त्यानंतर बऱ्याच ब्रँडनी ते सुरू केलं. तुमची यादी तीनशे लोकांची असली तरी करा. मजकूर कोरडा आणि छोटा ठेवा, उदाहरणार्थ:

"एप्रिल आणि मेमध्ये आम्ही मदर्स डेबद्दल काही मेल आणि मेसेज पाठवणार आहोत. तुम्हाला ते नको असतील तर खालच्या बटणावर एकदा क्लिक करा. बाकीचे मेल नेहमीसारखे येत राहतील. कारण सांगायची गरज नाही."

यात फुलं नकोत, डिस्काउंट नको, "आम्ही तुमचं दुःख समजतो" तर अजिबात नको. विषयाच्या ओळीत सरळ लिहा, "मदर्स डेचे मेल नको असतील तर", कारण गोलमाल लिहिलं तर ज्याला याची गरज आहे तोच उघडणार नाही. हा मेल पण एक आठवणच असते, म्हणून तो एकदाच पाठवायचा.

बटण दाबलं की त्या माणसाला एक टॅग लागला पाहिजे, समजा `no_mothers_day`. चूक होते ती इथे. टॅग मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये लागतो पण व्हॉट्सअ‍ॅपची यादी वेगळी असते, आणि सोशल मीडियावरच्या जाहिराती वेबसाइटवर येऊन गेलेल्यांच्या मागे फिरतात त्या तर तिसरीकडेच. म्हणजे माणसाने नको म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात त्याच्या फोनवर आली. म्हणून टॅग लागलेल्यांची यादी दर आठवड्याला काढून मेसेजच्या यादीतून वगळा आणि जाहिरातीच्या अकाउंटमध्ये "यांना दाखवू नका" म्हणून टाका. तपासायला सोपं आहे, स्वतःच्या दुसऱ्या मेल आयडीने नको म्हणा आणि आठवडाभर काय काय येतं ते बघत राहा. टॅग पुसू नका, पुढच्या वर्षी तोच वापरायचा.

पायरी 6: तारखा उलट्या मोजा

एक उदाहरण करून बघू. 2027 मध्ये मे महिन्याचा दुसरा रविवार 9 तारखेला येतो. पार्सल गुरुवारी 6 मेपर्यंत पोचलं पाहिजे, शनिवार धरू नका, कारण आई घरी नसली तर दुसऱ्या फेरीला दिवस हवा. कुरिअर देशातल्या देशात 4 दिवस म्हणत असेल तर त्यात 2 दिवस स्वतःचे घाला, म्हणजे 30 एप्रिलला डबा बाहेर पडायला हवा. पडद्यावरचं चित्र मंजूर होणं, कोरणं, पॉलिश, पॅकिंग याला चार पाच कामाचे दिवस, म्हणजे शेवटची ऑर्डर शनिवारी 24 एप्रिल. परदेशी जाणारं पार्सल कस्टममध्ये थांबू शकतं म्हणून ते 20 एप्रिलला बाहेर आणि त्याची शेवटची ऑर्डर 14 एप्रिल. सुरुवात 30 मार्चला, आणि तो नको असतील तर सांगा वाला मेल त्याच्या दोन आठवडे आधी, 16 मार्चला. ज्यांची तारीख मार्चमधली आहे त्यांना हे वेळापत्रक लागू नाही, त्यांच्यासाठी असंच उलटं मोजून जानेवारीतच सुरू करावं लागतं.

आता किती घ्यायच्या ते. दोघं मिळून दिवसाला 8 पीस नीट होतात असं धरलं तर 30 मार्च ते 30 एप्रिल मध्ये आठवड्याचे पाच दिवस काम करून 24 दिवस मिळतात, म्हणजे 192 पीस. काही पीस बिघडतात, काहींचं चित्र दोनदा बदलतं, म्हणून 160 वर थांबायचं. पण नवीन लोक हा आकडा बघून निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात, कारण ऑर्डरी महिनाभर सारख्या येत नाहीत, शेवटच्या तीन चार दिवसांत धो धो येतात. 24 एप्रिलनंतर तुमच्याकडे कामाचे फक्त 5 दिवस आहेत, म्हणजे 40 पीस. त्यामुळे एकूण आकड्याकडे बघत बसण्यापेक्षा रोज संध्याकाळी न झालेले पीस मोजा आणि 8 ने भागा. 20 एप्रिलला संध्याकाळी 64 बाकी असतील तर ते 8 दिवसांचं काम झालं, आणि 30 एप्रिलपर्यंत तुमच्याकडे आहेतच 8 दिवस, म्हणजे त्याच रात्री ऑर्डर बंद. 24 तारीख जाहीर केली होती म्हणून ओढत बसायचं नाही. सुरुवातीलाच लिहून ठेवा, "24 एप्रिलपर्यंत किंवा जागा भरेपर्यंत".

पायरी 7: पार्सल आईच्या दारात

अनोळखी ब्रँडच्या नावाचं पार्सल आलं की बऱ्याच आया ते परत पाठवतात, आणि बरोबरच करतात, फसवणूक एवढी चालते. म्हणून पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी पोराचं किंवा पोरीचं नाव ठळक टाका आणि खाली बारीक "मार्फत" म्हणून ब्रँडचं नाव. खरेदीदाराला आधी कळवा की आईला एवढंच सांगून ठेव, "एक पार्सल येईल, घेऊन ठेव, पैसे द्यायचे नाहीयेत." यात सरप्राइज थोडं कमी होतं, पण परत आलेल्या डब्यापेक्षा हे बरं. फोन नंबर आईचा घ्याच, कारण कुरिअरवाला तिलाच फोन करणार, पण खरेदीदाराचा पण दुसरा नंबर म्हणून टाका. आईचा नंबर फक्त पोचवण्यासाठी, डिलिव्हरी झाली की पुसून टाका, तिला तुमचे ऑफरचे मेसेज जाता कामा नयेत.

बिल डब्यात टाकायचं नाही, ते खरेदीदाराला मेलवर. परदेशी पार्सलला मात्र कस्टमसाठी किंमत बाहेरच्या पाकिटात लिहावी लागते, तिथे लपवता येत नाही, आणि किंमत कमी दाखवायची विनंती कोणी केली तर नम्रपणे नाही म्हणा, ती खोटी नोंद होते आणि पार्सल अडकतं ते आईच्या नावावर. कस्टमचा कर आईच्या दारात मागितला जाऊ नये यासाठी कुरिअरकडे "डीडीपी" हा पर्याय असतो का विचारा, म्हणजे कर आधीच तुम्ही भरता आणि खरेदीदाराच्या रकमेत धरता. नाहीतर भेट घ्यायला बिचारीला स्वतःचे पैसे मोजावे लागतात.

पॅकिंगमध्ये एकच सांगते, चांदीला रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते, आणि दोन आठवडे प्रवास असेल तर डबा उघडल्यावर डागच दिसतील. झिपची छोटी पिशवी आणि आत काळं न पडू देणारी कागदी पट्टी पुरते.

आणि शेवटचा मेसेज, जो मी कधीच चुकवत नाही. पार्सल डिलिव्हरीला निघालं की खरेदीदाराला, त्याच्या देशाच्या वेळेचा हिशोब करून, लिहायचं, "आज आईकडे पोचतंय, दुपारी किंवा संध्याकाळी." त्याला तेव्हा फोन करता येतो, व्हिडिओ कॉलवर डबा उघडताना बघता येतो, लॉक कसं लावायचं ते सांगता येतं. माझ्याकडे एका मुलाने रात्री अडीचचा अलार्म लावला होता यासाठी.

उशीर झालाच तर

तारीख संपल्यावर येणारे पण असतात. त्यांना "पोचवतोच" असं म्हणू नका. ऑर्डर घ्या, पोचायची खरी तारीख सांगा आणि मंजूर केलेलं वाक्याचं चित्र त्यांना पाठवा, मदर्स डेला ते आईला फोनवर दाखवू शकतात, "हे तुझं वाक्य, 18 तारखेला येतंय" असं सांगून. तुमच्याकडून उशीर झाला असेल तर ग्राहकाने विचारायच्या आधी तुम्ही कळवा, पैसे परत की थांबायचं हे त्याला ठरवू द्या.

वाक्यं पुढच्या वर्षीच्या पोस्टसाठी वापरायची इच्छा होईल, कारण ती फारच सुंदर असतात. त्यासाठी आता फॉर्ममध्येच एक चौकोन ठेवा, "हे वाक्य नाव न देता दाखवलं तर चालेल का?", आणि तो आधीपासून टिक केलेला नको. ज्यांनी टिक केलं तेवढीच वाक्यं घ्या, कोरलेल्या पट्टीचा जवळून फोटो काढा, शक्यतो साठीच्या बाईच्या गळ्यात, रोजच्या कपड्यांवर, आणि खाली दुसरं काहीही लिहू नका.